परदेशातल्या मित्राला स्टीमवर गेम भेट दिलाय का? तुमचे अनुभव सांगा

कोथरूडचा बोका
मंडळी, कराडच्या हॉस्टेलवर ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो तो मित्र आता टोरांटोला असतो. त्याच्या वाढदिवसाला स्टीमवरून एक गेम पाठवायचा बेत होता. इथे सेलमध्ये ₹१,१०० ला होता. कार्टमध्ये टाकला, This is a gift निवडलं, मित्रांची यादी उघडली, तर पुण्यातली सगळी पोरं निवडता येतात आणि नेमकं याचंच नाव फिकं. कारणही लिहिलेलं होतं: तुमच्या आणि त्याच्या देशातल्या किमतीत फार तफावत आहे. त्याला तिकडचा भाव विचारला तर ३५ कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले ₹२,१०० च्या घरात.

खरी गंमत पुढे. सहज म्हणून एका मोठ्या कंपनीचा ₹४,९९९ चा गेम टाकून बघितला, तर त्याचं नाव लगेच निवडता आलं! तिकडे तो ८० डॉलरला आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. थोडक्यात, मला परवडणारा गेम पाठवता येत नाही आणि न परवडणारा खुशाल पाठवा.

तुम्ही कुणी इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे गेम पाठवलाय का? काय जमलं, काय अडलं ते लिहा. व्हीपीएनचे सल्ले नकोत, दहा वर्षांचं खातं आहे माझं, ते बंद पडायला नको.

सह्याद्री६४बिट
चांगला धागा. यात गंमत वाटत असली तरी हिशेब सरळ आहे. भारतात रुपयातले भाव २०१५ च्या शेवटी आले. गेम बनवणाऱ्याने डॉलरमध्ये किंमत टाकली की प्रत्येक देशासाठी किती ठेवावी हे स्टीमची मालक कंपनी वाल्व्ह सुचवते, आणि भारतासाठी सुचवलेला भाव बराच खालचा असतो. छोटे स्टुडिओ तो आकडा जसाच्या तसा उचलतात. मोठ्या कंपन्या स्वतःचं गणित मांडतात आणि इथेही जवळपास अमेरिकेचाच भाव लावतात. म्हणून तुमचा ₹४,९९९ वाला सुटला आणि ₹१,१०० वाला अडकला.

पूर्वी असं नव्हतं. २०१७ च्या मे महिन्यापर्यंत गिफ्ट विकत घेऊन स्वतःच्या इन्व्हेंटरीत ठेवता यायचं आणि मग कुणालाही द्यायचं. त्याचा धंदा झाला. स्वस्त देशात पोतंभर घ्यायचं आणि महाग देशात विकायचं. रूबल कोसळला तेव्हा, म्हणजे २०१४ च्या डिसेंबरात, रशिया आणि आसपासच्या देशांतली गिफ्टं त्यांनी आधीच बाहेर जाण्यापासून रोखली होती. २०१७ मध्ये साठवणच बंद केली. आता थेट मित्राच्या खात्यातच जातं, आणि पैसे घेण्याआधीच अडवतं. माझ्या मते हे बरं. आधी पैसे जायचे आणि मग समोरच्याला गेम चालूच होत नाही असं कळायचं.

आणि सेलची वाट बघून उपयोग नाही. सूट टक्क्यांत असते आणि सगळीकडे तेवढीच असते. दोन्हीकडे निम्मा भाव झाला तरी तफावत तशीच राहते.

मिरजेचा मिरची
१० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याच्या वर गेलं की बंद. मी स्वतः पाहिलंय.

सह्याद्री६४बिट
@मिरची, हा आकडा सगळीकडे फिरतो खरा, पण वाल्व्हने कुठेही दिलेला नाही. "मोठा फरक" एवढंच म्हणतात. तुम्ही कोणत्या दोन देशांत पाहिलं?

मिरजेचा मिरची
भारत आणि दुबई. तिथे एक गेम १२ टक्क्यांच्या फरकाला अडला आणि एक ८ ला गेला. दोनच गेम होते म्हणा. पण १० च असणार.

ओहायोची वहिनी
मी उलट्या दिशेने पाठवते, इकडून नाशिकला, धाकट्या दिराला. एकदाही अडलं नाही. साहजिक आहे, मी इथल्या डॉलरच्या भावाने घेते, म्हणजे जास्तच मोजते. पण त्यातली बोच अशी की दीर पहिल्याच वेळी म्हणाला, "वहिनी, हाच मला इथे निम्म्यात मिळाला असता!" मग आता मी गेम पाठवतच नाही, डिजिटल गिफ्ट कार्ड पाठवते. मी डॉलरमध्ये भरते, त्याच्या वॉलेटमध्ये रुपये होऊन पडतात आणि तो त्याच्या भावाने हवं ते घेतो. २५ डॉलरच्या एका गेमऐवजी तेवढ्यातच त्याचे दोन आणि वर एक छोटा होतो.

एक लक्षात ठेवा, कार्डासाठी तो तुमच्या मित्रयादीत किमान तीन दिवस असावा लागतो. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी यादीत घेऊन दुपारी पाठवू म्हटलं तर नाही होणार. आणि एकदा त्याने स्वीकारलं की कार्ड परत होत नाही.

कोथरूडचा बोका
वहिनी, हे भारी आहे. पण माझं उलटं. मी रुपयात कार्ड पाठवलं तर त्याच्याकडे डॉलर होऊन पडणार आणि ₹१,१०० त तिकडे अर्धा गेम येणार.

ओहायोची वहिनी
हो, तुमच्या बाजूने तो तोटाच. तुमच्या मित्रानेच तुम्हाला पाठवावं मग :)

खानदेशी जॉयस्टिक
एवढा त्रास कशाला? स्टीम फॅमिली काढा, त्याला त्यात घ्या, तुमच्याकडचे बहुतेक गेम त्याला आपोआप दिसतील. आम्ही चौघं जळगावकर असंच करतो. गिफ्टची भानगडच नाही.

सह्याद्री६४बिट
चौघेही जळगावातच ना? म्हणून चालतं. फॅमिलीतली सगळी खाती एकाच देशाची लागतात, टोरांटोचं खातं आत घेणारच नाही. शिवाय ती एका घरातल्या माणसांसाठी आहे. एखादा बाहेर पडला तर त्याची जागा वर्षभर अडकून राहते, तेव्हा प्रयोग म्हणूनही करू नका.

रीगाची पूर्वा
मी लात्व्हियात मेडिकलला आहे. माझी केस किमतीची नाहीच. मामेभाऊ मला हेलडायव्हर्स २ पाठवणार होता, सगळे मिळून खेळायला. २०२४ च्या मे महिन्यात सोनीने त्यासाठी प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं. खूप आरडाओरडा झाल्यावर सक्ती मागे घेतली. पण जिथे ते नेटवर्कच अधिकृतपणे नाही अशा देशांत स्टीमवरची विक्रीच बंद केली. लात्व्हिया त्यात होतं. मला दुकानात ते पानच उघडेना. भावाला वाटलं मी त्याला मित्रयादीतून काढलं की काय!

म्हणजे अडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक भावाची, दुसरी म्हणजे गेम तुमच्या देशात विकायलाच नाही. ओळखायचं सोपं आहे. ज्याला पाठवायचाय त्याला त्याच्या खात्यातून दुकानाचं पान उघडायला सांगा. पान उघडून किंमत दिसली तर अडचण भावाची. पानच नसेल तर महाग घेऊनही काही होणार नाही.

म्युनिकचा मोदक
+१ पूर्वा. जर्मनीतही तेच, फक्त कारण वेगळं. १५ नोव्हेंबर २०२४ पासून वयाचं रेटिंग नसलेले गेम इथे दाखवतच नाहीत. गेम बनवणाऱ्याने स्टीमची एक प्रश्नावली भरली की रेटिंग मिळतं, पण जुने, कुणी वाली नसलेले गेम तसेच राहिले. माझ्या पुण्याच्या मित्राकडे मी मागितलेला एक १५ वर्षं जुना गेम असाच अडला. बनवणारा स्टुडिओच बंद पडलाय, प्रश्नावली भरणार कोण?

डिस्कवाला
मी मस्कतला भाच्याला पीएस५ ची डिस्क पाठवली, इथून विकत घेऊन. डिस्क व्यवस्थित चालली. पण त्याने तिथल्या खात्यावरून एक्स्पान्शन घेतलं ते लागेना. डिस्क ज्या प्रांताची, एक्स्पान्शनही त्याच प्रांताच्या खात्यावरचं लागतं. दुकानदाराने काही सांगितलं नाही. कुरियरचे ₹१,८०० वेगळेच.

कोथरूडचा बोका
डिस्कवाले दादा, धागा डिजिटलचा आहे हो. पण एक्स्पान्शनचं माहीत नव्हतं, नोंद केली.

आयर्लंडी आळशी
मी डब्लिनला शिकायला आलो तेव्हा माझं स्टीम खातं भारताचंच होतं. पहिले काही महिने मित्र इकडे सर्रास गेम पाठवायचे आणि सगळे पोचायचे. स्टीम बघतं ते खात्याचा देश. नंतर इथल्या बँकेच्या कार्डाने एक गेम घेतला, खात्याचा देश आयर्लंड झाला, आणि त्या दिवसापासून सगळं बंद. परत भारत करू म्हटलं तर तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, आणि त्यासाठी पैसे भरायचं साधन भारतातलं लागतं. म्हणून नुकतेच परदेशी गेलेल्यांनी तिथल्या कार्डाने घ्यायची घाई करू नका!

सह्याद्री६४बिट
हा सल्ला मी देणार नाही. दुसऱ्या देशात राहायला गेलात तर खात्याचा देश बदलायचा, असं त्यांच्या करारात अपेक्षित आहे. राहायची जागा लपवून स्वस्तात घेणं तर सरळ करारभंग. चार महिने कुणी विचारलं नाही म्हणून पुढेही विचारणार नाहीत असं नाही.

आयर्लंडी आळशी
विद्यार्थी आहे, कायमचा राहायला आलेलो नाही. इथे राहायला गेलो म्हणजे नक्की कधी? व्हिसा लागल्यावर की भाड्याचं घर मिळाल्यावर? (घर अजून मिळालेलं नाही.)

ठाणेकर तात्या
मी एका कोड विकणाऱ्या साइटवरून अमेरिकेतल्या पुतणीसाठी कोड घेतला होता, निम्म्या भावात. तिने टाकला तर "हा कोड तुमच्या देशात चालत नाही". साइटवर बारीक अक्षरात आशिया लिहिलेलं होतं. पैसे परत मागितले तर म्हणे कोड उघडलेला आहे. तेव्हापासून कोड घ्यायचाच तर जिथे देशांची यादी ठळक दिसते तिथूनच घेतो, आणि पुतणीला देशाचं नाव वाचून दाखवतो.

रीगाची पूर्वा
बोका, एकत्रच खेळायचं असेल तर भेट न देताही जमतं. इट टेक्स टू सारख्या गेममध्ये फ्रेंड्स पास असतो. एकाने घेतला की दुसरा फुकट उतरवून त्याच्याबरोबर खेळतो. मी आणि आई तसंच खेळतो, ती साताऱ्याला, मी इथे. नेट चांगलं लागतं, आणि आई मला बरोबर नको तिथे उडी मारायला लावते.

कोथरूडचा बोका
हे बघतो. आणखी एक शंका, गिफ्ट पाठवलं आणि त्याने घेतलंच नाही तर?

सह्याद्री६४बिट
३० दिवसांत स्वीकारलं नाही किंवा नको म्हटलं तर पैसे तुम्हाला परत. स्वीकारून आवडलं नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तर परतावा मिळतो. मात्र तो त्यानेच त्याच्या खात्यातून मागायचा. पैसे येतात तुमच्याकडे.

मिरजेचा मिरची
मग पुढच्या तारखेचं गिफ्ट आत्ताच लावून ठेवलं आणि मधल्या काळात तिकडचा भाव वाढला, तर तफावत कधी तपासतात? घेताना की पोचवताना?

सह्याद्री६४बिट
घेताना तपासतात हे नक्की, कारण नाव तिथेच फिकं होतं. पोचवताना परत बघतात का, ते कुणी करून पाहिलं असेल तर लिहा. मला अजून तशी वेळ आलेली नाही.

कोथरूडचा बोका
वाढदिवस १९ तारखेला आहे. ₹४,९९९ वाला पाठवत नाही, एवढं ठरलं. फ्रेंड्स पासवाला मी माझ्यासाठी घेतोय, त्याला फक्त डाउनलोड करायला सांगितलंय. तो म्हणाला, "म्हणजे वाढदिवस माझा आणि गेम तुला?"