मदत हवी आहे: नोझल चेकमध्ये काळ्या जाळीत फटी येतात. क्लीनिंग करू, अलाइनमेंट करू की सरळ कार्ट्रिज बदलू?

मानेवाडा_ऑनलाइन

नमस्कार मंडळी. मानेवाड्यात माझं ऑनलाइन फॉर्म आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. दोन कार्ट्रिजचा साधा इंकजेट वापरतो, एक काळी आणि एक तिरंगी. हेड कार्ट्रिजच्या बुडालाच असतं तो प्रकार. दोन्ही कार्ट्रिज दोनदा रिफिल केलेल्या आहेत.

आठ दिवसांपासून काळं अक्षर मधूनमधून कापल्यासारखं येऊन राहिलं. नोझल चेक काढला. फोटो इथे चढतच नाही, म्हणून शब्दात सांगतो. वर काळी चौकटींची जाळी येते, तिच्यात आडव्या बारीक पांढऱ्या फटी आहेत, आठ-नऊ तरी असतील. खाली निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे, ते मात्र पूर्ण. तरी पानभर रंगीत प्रिंट काढली की अर्ध्या पानानंतर निळा फिका पडत जातो आणि माणसं काविळीसारखी दिसतात.

पाच वेळा क्लीनिंग केलं, एकदा डीप क्लीनिंग केलं. अक्षराच्या कडा दुहेरी दिसत होत्या म्हणून अलाइनमेंटही केली, तर आधीपेक्षा वाईट झालं. ॲडमिशनचे दिवस तोंडावर आहेत. नवी काळी घ्यायची तर घेतो, पण ती घेऊनही फटी तशाच राहिल्या तर काय करू?

बर्डीवाला

ड्रम बदला भाऊ. माझ्याकडे अशाच रेषा येत होत्या, ड्रम आणि ब्लेड बदललं, विषय संपला.

मानेवाडा_ऑनलाइन

दादा, माझा लेझर नाही. शाईचा आहे.

बर्डीवाला

अरे हो, वाचलंच नाही नीट. मग लेझरच घेऊन टाका ना!

गोलू_४४०

काही बदलू नका. शाई वाळली आहे. हा उन्हाळा, त्यात कूलरची हवा सरळ प्रिंटरवर येत असेल. कार्ट्रिज रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी टिश्यूवर टिपा. मी दोन वाचवल्या आहेत अशा.

शाई_काका

बुडवू नका बाप्पा! वाळलेली शाई कोमट पाण्याने सुटते हे गोलूचं बरोबर आहे, पण सगळी कार्ट्रिज बुडवली तर पाठीवरच्या तांब्याच्या ठिपक्यांवर आणि आतल्या स्पंजमध्ये पाणी जातं. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी तर नकोच. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो ना, तोच थर नोझलच्या तोंडाशी बसेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

आता मूळ मुद्दा. मी वीस वर्षं प्रिंटर उघडत आलो आहे. लोक नोझल चेकमध्ये फटी किती आहेत ते मोजतात. मी आधी बघतो की फट जागा बदलते का. एक पान काढून काही पाहता येत नाही. क्लीनिंग न करता लागोपाठ दोन नोझल चेक काढा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. मग तीन गोष्टी सांगा.

एक, काळ्या फटी दोन्ही पानांवर अगदी त्याच जागी आहेत का.

दोन, त्यांच्यातलं अंतर सारखं आहे का. पट्टी लावून बघा, नुसत्या डोळ्याने नको.

तीन, निळ्याचं वेगळं करा. आधी नोझल चेक, लगेच एक पूर्ण रंगीत पान, लगेच पुन्हा नोझल चेक. मग दहा मिनिटं हात लावू नका आणि तिसरा चेक काढा.

आणि तोवर क्लीनिंग बंद. क्लीनिंग म्हणजे शाई खेचून वेस्ट पॅडमध्ये ओतणं. पाचदा करून फट एक केसभरही हलली नसेल, तर सहाव्यांदाही हलणार नाही.

वर्धेची_मीनल

काका, मध्येच विचारते. माझा टाकीवाला आहे, हेड मशीनमध्येच बसवलेलं. माझ्याही चेकमध्ये गुलाबीत दोन रेषा कमी आहेत. मी कोणती कार्ट्रिज बदलू?

शाई_काका

ताई, तुमच्यात बदलायला कार्ट्रिजच नाही. हेड बदलणं म्हणजे जवळजवळ मशीनच्या किमतीकडे जाणं. दोन रेषांसाठी घाई नको. एक क्लीनिंग करा, नोझल चेक काढा, असं दोन-तीनदा. तरी तसंच राहिलं तर मशीन बंद करून बारा तास सोडा आणि मग एकदा. पुष्कळदा आत हवेचा बुडबुडा असतो, तो आपोआप वर जातो. पण बंद करताना मशीनच्या बटणाने करा, भिंतीवरच्या बोर्डाने नको. हेड आपल्या टोपीवर जाऊन बसायच्या आत वीज गेली तर ते रात्रभर उघडं राहतं.

मानेवाडा_ऑनलाइन

काका, हे वाचून घाम फुटला. मी रोज शटर ओढताना बोर्डावरूनच सगळं बंद करतो.

आता केलं ते सांगतो. दोन्ही पानं काचेला लावली. काळ्या फटी जशाच्या तशा, एकीवर एक. नऊ आहेत. पट्टी लावली तर अंतर सारखंच, इकडेतिकडे नाही.

निळ्याची मजा झाली. पहिला चेक पूर्ण. रंगीत पान काढल्यावर लगेच काढलेल्या चेकमध्ये निळ्या पट्ट्याचा खालचा भाग गायब. दहा मिनिटांनी पुन्हा पूर्ण! असं काऊन?

शाई_काका

कारण तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, आणि तुम्ही दोघांना एकच औषध देत होतात.

निळा आधी. नोझल चेकला शाई फार थोडी लागते, म्हणून तिथे पट्टा पूर्ण दिसतो. पानभर प्रिंटला शाई भराभर लागते आणि ती वरून उतरत नाही. थांबलं की झिरपते. म्हणजे नोझल ठीक आहेत, त्यांना शाई पोचत नाही. कार्ट्रिज वजनाला हलकी लागते का बघा. भरलेली असेल तर वरच्या लेबलखाली बघा. प्रत्येक रंगाला हवा आत जायला बारीक भोक असतं. रिफिलवाले गळू नये म्हणून त्यावर सेलोटेप मारतात. हवा आत गेली नाही तर शाई बाहेर कशी येईल? सलाइनच्या बाटलीला सुई नाही टोचली तर थेंब थांबतो, तसंच.

आता काळी. वाळलेली शाई पट्टी लावून वाळत नाही. ती कुठेही, वेडीवाकडी अडते, आणि क्लीनिंगनंतर एखादी फट भरते, दुसरी उघडते. सारख्या अंतराने गेलेल्या, जराही न हलणाऱ्या फटी म्हणजे विजेचा मामला. प्रत्येक नोझलला स्वतंत्र तार नसते, एका तारेवर ठरावीक अंतराची बरीच नोझल असतात. ती तार मेली की तेवढी सगळी एकदम गप्प.

खात्री करा. टिश्यूची चार पदरी घडी डिस्टिल्ड पाण्याने नुसती ओलसर करा, काळीचं बूड त्यावर पाच-सात सेकंद टेकवा. घासू नका. पट्टी उमटेल. ती अखंड असेल तर शाईचा रस्ता मोकळा आहे, दोष विजेचा. तुटक असेल तर गोलूचं औषध चालेल, फक्त बूड ओलं करायचं, तेही दोन मिनिटं.

गोलू_४४०

म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. 😄 पण काका, माझ्या दोन्ही कार्ट्रिज बुडवूनच सुरू झाल्या होत्या हे खरं आहे.

शाई_काका

त्या वाळलेल्याच असतील. सुरू झाल्या त्या सांगतोस, मेलेल्या किती ते सांग ना.

गोलू_४४०

तीन.

मानेवाडा_ऑनलाइन

टिश्यूवर पट्टी अखंड, गडद काळी. कलरचं लेबल उचललं तर खरोखर तिन्ही भोकांवर सेलोटेप! निळ्यावरची ओढून काढली तर "फुस्स" असा बारीक आवाज आला. मग बाकी दोन्हीही काढल्या. एक पानभर रंगीत काढलं, निळा शेवटपर्यंत टिकला.

आता काळी फेकू का?

शाई_काका

थांबा. वीज तुटली ती कार्ट्रिजमध्ये की मशीनच्या पिनांमध्ये, हे ठरलं नाही अजून. पिना खराब असतील तर नवीच्याही जाळीत त्याच नऊ फटी येतील. आधी कार्ट्रिजच्या पाठीवरचे ठिपके आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसा. मशीनच्या पिना कोरड्या कापडाने, वाकवू नका. दहा मिनिटं वाळू द्या, चेक काढा. फरक नाही पडला तर कोणाची तरी त्याच नंबरची चालू काळी दहा मिनिटांसाठी मागा आणि तुमच्या मशीनमध्ये लावा.

मानेवाडा_ऑनलाइन

पुसून काही फरक नाही, नऊच्या नऊ. मग हुडकेश्वर रोडच्या मित्राकडून त्याची काळी आणली. जाळी पूर्ण आली, एक फट नाही! माझी त्याच्या मशीनमध्ये लावली तर तिथेही तेच नऊ.

शाई_काका

मग झालं. पैसे नव्या काळीत घाला, मशीन ठीक आहे.

नवी लावली की क्लीनिंग नको. आधी नोझल चेक, तो पूर्ण आला की मगच अलाइनमेंट. हेड कार्ट्रिजबरोबर बदलतं म्हणून ती करावीच लागते. तुम्ही मागे फटी असताना केली होती. अलाइनमेंटच्या पानावर आपण "रेषा कुठे सर्वांत नीट जुळते" ते निवडतो, आणि नऊ ठिकाणी शाईच नसताना जुळणं दिसणार कसं? चुकीचा आकडा निवडला आणि मशीनने तो पाळला.

वर्धेची_मीनल

काका, बारा तास ठेवून केलं. दोनपैकी एक रेषा आली, दुसरी नाही. साध्या अक्षरात काही कळत नाही. तरी मागे लागू का?

शाई_काका

छपाईत दिसत नसेल तर नका लागू. महिन्याने चेक काढून त्याच पानाशी ताडून बघा. आज तारीख लिहून ठेवा कागदावर.

मानेवाडा_ऑनलाइन

नवी काळी आणली. चेक पूर्ण, अलाइनमेंट केली, कडा एकेरी झाल्या. एकच राहिलं. जुन्या काळीची तार मेली कशाने? शेवटी शेवटी मी ती रिकामी असतानाही दोन-तीन दिवस चालवली होती, ते कारण असेल का?

शाई_काका

असू शकतं. ह्या प्रकारात शाईच आतल्या बारीक हीटरला थंड ठेवते, कोरडं चालवलं की ते जळतात. पण कोरडं जळालं तर फटी सहसा वेड्यावाकड्या येतात, अशा पट्टी लावून नाही. त्यामुळे माझा संशय रिफिलवाल्याने ठिपक्यांजवळची पट्टी दुखावली असेल ह्यावर जास्त आहे. कार्ट्रिज फोडल्याशिवाय सांगता येणार नाही.

गोलू_४४०

फोडायची असेल तर मला द्या, मी येतो मानेवाड्याला.