बोरन्हाण: दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी लुटीत काय घालावं आणि वाण काय द्यावं?

मदत हवी आहे. लेकीचं पहिलं बोरन्हाण रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी करतोय. लेक चौदा महिन्यांची, येणारी सात-आठ मुलं एक ते तीन वर्षांची. म्हणजे जे हाती लागेल ते थेट तोंडात!

सासूबाईंची यादी नेहमीची: बोरं, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या, गोळ्या, चुरमुरे. यातले दाणे, हरभरे, रेवड्या आणि गोळ्या घशात अडकायच्या, म्हणून त्या काढून टाकाव्यात असं मला वाटतं. डोक्यावरून मुख्यतः चुरमुरे आणि थोडे बत्तासे ओतायचे. बोरं गावठी, छोटी, तीही मूठभरच आणि अंगावर न टाकता पाटाभोवती. मोठी ॲपल बोरं डोक्यात लागतात. पण बोराची बी राहतेच, म्हणून लूट झाल्यावर बोरं लगेच मोठ्यांनी उचलायची. एवढं पुरेल का?

हलव्याचे दागिने काटेरी असतात, मानेला टोचतात. आतून सुती कापड लावून मुकुट आणि हार फक्त औक्षण आणि फोटोपुरते घालायचा विचार आहे. कोणी असं करून पाहिलंय का?

वाणाचं खरं कोडं आहे. फुगे, मणी, बटण-सेलची खेळणी नकोत. कापडी पुस्तक की स्टीलची छोटी वाटी-चमचा? दीडशे रुपयांच्या आत, तीन वर्षांच्या मुलालाही आवडेल असं काही सुचवा ना.