फोर्कला 'फाटा' आणि जॉइनला 'संगम' म्हणावं का?

पानगळ: ऑनलाइन ऑर्डर पुरी करण्याची अ‍ॅक्टिव्हिटी आकृती मराठीत समजावून लिहितेय. 'ऑर्डर स्वीकारा'नंतर जाड पट्टी, तिच्यातून दोन बाण: 'माल काढून पॅक करा' आणि 'बिल पाठवून पैसे घ्या'. दोन्ही खालच्या पट्टीत येतात, मग 'ऑर्डर बंद करा'. वरच्या पट्टीला फाटा, खालच्या पट्टीला संगम म्हटलं तर?

टिटवी: छान आहेत की! एकाचे दोन झाले, दोनाचा एक झाला. आणखी काय हवं?

जुना_खिळा: फाट्यावर माणूस एकच रस्ता धरतो. ते काम पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या निर्णयचिन्हाचं. फोर्कमध्ये दोन्ही रस्ते चालू होतात. संगमाचीही तीच अडचण, त्यात वाट बघणं येत नाही. जॉइनमध्ये पॅकिंग झालं तरी पैसे येईपर्यंत पुढचं पाऊल पडत नाही. जो बाण येईल त्याला लगेच सोडणारं चिन्ह वेगळं, मर्ज, आणि तेही चौकटच. संगम शब्द हवाच असेल तर त्याला द्या.

टिटवी: म्हणजे पॅकिंग आणि पैसे एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत?

जुना_खिळा: नाही. आधी कोणतं याची सक्ती नाही, एवढंच. एकाच माणसाने एकामागून एक केलं तरी आकृती खरीच.

उंबरठा: शब्दांचं राहू द्या, माझी ऑर्डर जॉइनवर अडकते. माल काढायच्या फांदीत 'साठा आहे?' असा निर्णय टाकलाय. 'नाही'चा बाण 'ग्राहकाला कळवा'कडे जातो आणि तिथेच गोलात फुली काढून संपवलाय.

जुना_खिळा: अडकणारच. फुलीचा गोल फक्त तेवढा प्रवाह संपवतो. पैसे येऊन पट्टीपाशी थांबलेत आणि मालाकडून कधीच काही येणार नाही. 'नाही'चा बाण मर्जने पॅकिंगनंतरच्या बाणाला मिळवा, म्हणजे जॉइनला दोन्हीकडून काहीतरी पोचेल. पुढे 'माल पाठवायचा की पैसे परत?' हा निर्णय ठेवा.

उंबरठा: त्यापेक्षा फुलीऐवजी बैलडोळ्यासारखा शेवटचा गोल काढला तर?

जुना_खिळा: तो सगळंच थांबवतो, पैशाची फांदीसुद्धा. पैसे तोवर घेतलेले असतील तर परताव्याचं पाऊल आकृतीत कुठेच नाही. मी तरी तसं करणार नाही.

पानगळ: मग फोर्कला 'समांतर फुटणं' लिहिते. जॉइनला 'थांबा' कसं वाटतं?

टिटवी: थांबा म्हटलं की काम बंद पडल्यासारखं वाटतं. 'जुळणी' घ्या.

जुना_खिळा: जुळणी म्हणजे सुटे भाग जोडणं, गोदामवाले तसंच वाचतील. मी तोंडी जॉइनच म्हणतो. पण पानगळ, पॅक केलेला माल बाहेर कधी पडतो? तुमच्या आकृतीत पाठवणीचं पाऊलच दिसत नाही. पैसे आल्याशिवाय पाठवायचा नसेल तर ते पट्टीखाली यायला हवं.

पानगळ: ते मालाच्या फांदीतच धरलं होतं. विचारून सांगते.