धुतलेले इअरबड्स आणि तांदळाचा डबा

सुजाता, सी-३०४ (शनिवार, सकाळी ९:१२)
इलेक्ट्रॉनिक्समधलं कुणाला कळतं का? जरा घाईचं आहे. ओंकारच्या पँटच्या खिशात इअरबड्स राहिले आणि पँट मशीनमध्ये गेली. ४० डिग्रीवर पूर्ण धुलाई झाली, स्पिनसकट. डबी बंदच होती, पण उघडून पाहिली तर तळाला पाणी. दोन्ही बड्स डबीतच आहेत आणि डबीवरचा पांढरा दिवा लागतोय. पहिल्या पगारातून घेतलेत हो त्याने.

दामले काका, ए-१०१
तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा. आमच्या हिचा फोन बादलीत पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला आणि सुरू झाला.

नीलिमा, बी-४०३
हेअर ड्रायर आहे माझ्याकडे. पाठवू का?

योगेश, बी-६०२
ताई, यातलं आत्ता काहीच करू नका. दिवा लागतोय ही चांगली खूण नाही. ओल्या डबीत वीज खेळतेय आणि डबी तशाच अवस्थेत बड्सना चार्ज करायला बघतेय. आधी बड्स बाहेर काढा. डबी चार्जरला लावू नका. ओंकारला फोन करून त्याच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करायला सांगा, म्हणजे बड्स त्याला जोडायला जाणार नाहीत. बरेचसे बड्स जोडलेले नसले की काही मिनिटांत आपोआप झोपी जातात.

सुजाता, सी-३०४
काढले. त्याला सांगितलं. पण नुसत्या पाण्याने इतकं काय होतं?

योगेश, बी-६०२
मी ११ वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर काढली, म्हणून सांगतो. नुसतं पाणी सुकलं की बऱ्याचदा सगळं ठीक होतं. पाणी आणि वीज एकत्र आली की धातू झिजायला लागतो. डबीत बड्स जिथे टेकतात तिथे सोनेरी टाचण्या दिसतात ना, त्यांवर ओलेपणी विजेचा दाब असला तर वरचा सोन्याचा पातळ थर जातो आणि खालचं तांबं हिरवं पडतं. पावडरच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज अजून सहज वाहते. शिवाय साबणामुळे पाणी पातळ जाळीतून पटकन आत शिरतं, एरवी ते जाळीवर थेंबासारखं थांबतं. बॉक्सवर ‘आयपीएक्स ४’ लिहिलेलं असतं ते शिंतोड्यांपुरतं आणि साध्या पाण्यापुरतं. त्यातही ते बहुधा बड्ससाठी असतं, डबीसाठी नाही.

दामले काका, ए-१०१
मग तांदूळ का नको? तो पाणी ओढतोच की.

योगेश, बी-६०२
काका, ओढतो, पण शिजवताना किंवा थेट पाण्यात भिजवल्यावर. डब्यातल्या कोरड्या तांदळातच वजनाच्या १२ ते १४ टक्के ओलावा आधीपासून असतो. आत्ता जुलैच्या दमट हवेत तो बड्समधलं पाणी कशाला ओढेल? जाळीमागचा थेंब सुकायचा तर तो आधी वाफ होऊन बाहेर यायला हवा, आणि तांदळाच्या ढिगात हवा खेळत नाही. वर तांदळाची भुकटी त्या जाळीत बसते, ओली झाली की चिकट खळ होते. २०२४ साली अॅपलनेसुद्धा आयफोनच्या सूचनांत लिहिलं की ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं.
काकूंचा फोन वाचला तो त्या दोन दिवसांमुळे. तांदळात होता म्हणून कुणी चालू करून पाहिला नाही.

नीलिमा, बी-४०३
आणि ड्रायर?

योगेश, बी-६०२
गरम हवा नको. आत लिथियमची बॅटरी आहे, आणि जोडांना गोंद आहे, तो गरमीने सुटतो. जोराचा झोत पाणी आणखी आत ढकलतो. गरमीमुळेच गच्चीवर उन्हातही नको. ताई, आता असं करा. रबरी टोप्या काढा, त्यांच्या आत हमखास पाणी असतं. बडची जाळी खाली धरून सुती फडक्यावर हलके हलके आपटा, पाच-सहा वेळा. तोंडाने फुंकू नका. डबी उघडी, उपडी धरून तसंच करा. मग सगळं फडक्यावर पसरून तास-दोन तास पंख्याखाली ठेवा.

सुजाता, सी-३०४ (सकाळी ९:५८)
एका बडमधून टिपूस पडला, दुसऱ्यातून काहीच नाही. डबीतून मात्र चमचाभर पाणी निघालं. पुन्हा साध्या पाण्याने धुवू का, साबण राहिला असेल तर?

योगेश, बी-६०२
नको. मशीनने शेवटी खळबळून काढलंय, तेवढं पुरे. पंख्यानंतर हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वर बड्स व डबी, डबीचं झाकण उघडंच. माझ्याकडे नारिंगी मण्यांची बरणी आहे, पाठवतो. मणी हिरवे पडले की त्यांचं पोट भरलं समजायचं. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या चालणार नाहीत, त्या पावसाळ्यातली हवा पिऊन कधीच भरलेल्या असतात. सोमवार सकाळपर्यंत, म्हणजे ४८ तास, डबा उघडायचा नाही. ‘चालतंय का’ म्हणून एकदाही बघायचं नाही.

सुजाता, सी-३०४
आणि खरं सांग, आशा कितपत?

योगेश, बी-६०२
माझ्या अनुभवात बड्स बऱ्यापैकी वाचतात, कारण ते लहान आणि गोंदाने बंद केलेले असतात. डबी जास्त वेळा जाते. सोमवारी चालले तरी लगेच निश्चिंत होऊ नका. आत राहिलेला क्षार हळूहळू खातो, काही सेट दीड-दोन महिन्यांनी बंद पडलेले पाहिलेत. वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा धरत नाहीत. बड किंवा डबी सुटी विकतात का ते मात्र ओंकारला आधीच विचारून ठेवू दे.

ओंकार, सी-३०४ (सोमवार, सकाळी १०:२०)
योगेशदादा, उघडलं. काही मणी हिरवे झालेत. आता?

योगेश, बी-६०२
आधी टाचण्या बघ. हिरवट-पांढरं काही दिसलं तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून पूस आणि १५ मिनिटं वाळू दे. जाळीला अल्कोहोल लावू नको, आतला पडदा खराब होतो. मग डबी चार्जरला लाव, पण समोर बसून. अर्धा तास हात लावून बघत राहा. कोमट ठीक. हात ठेववत नाही इतकी गरम, फुगल्यासारखी, किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर लगेच काढ आणि परत कधीच लावू नको. ओल्या कचऱ्यात किंवा सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

ओंकार, सी-३०४ (सोमवार, रात्री ९:०५)
डाव्या बाजूची एक टाचणी हिरवी होती, पुसली. डबी कोमटच राहिली. उजवा बड पूर्ण चालतोय. डाव्याचा आवाज उशीतून आल्यासारखा येतोय.

योगेश, बी-६०२
जाळीमागे थेंब आहे. बड खराब झालाय असं लगेच धरू नको. फक्त तो डावा परत डब्यात, अजून दोन दिवस. त्यात आवाज वाढवून वाजवू नको.

ओंकार, सी-३०४ (गुरुवार)
डाव्याचा आवाज जवळजवळ पूर्ववत. कॉलवर समोरच्याला मात्र त्या बाजूने मी लांबून बोलतोय असं ऐकू येतं. आणि डबी पूर्वी चार वेळा बड्स भरायची, आता दोनदाच.

योगेश, बी-६०२
माइकचं भोक सगळ्यात बारीक, ते सगळ्यात शेवटी सुकतं. आठवडाभर उजव्यानेच कॉल घे. डबीची बॅटरी काही परत यायची नाही. ती रात्रभर चार्जिंगला उशाशी ठेवू नको. दिवसा, नजरेसमोर.

सुजाता, सी-३०४
योगेश, बरणी उद्या वॉचमनकडे ठेवते. दामले काका, तुमच्याकडे पाठवू का आधी? काल पावसात छत्री विसरलात ना, ते श्रवणयंत्र भिजलं म्हणत होतात.

दामले काका, ए-१०१
पाठव बेटा. सेल काढून ठेवलेत. तांदळात टाकलेलं नाही.