टोमॅटोची रोपं सुतळीसारखी लांब होऊन लोळतायत: उजेड कमी, उष्णता जास्त की गर्दी?

चौथा_मजला_ठाणे
पहिल्यांदाच घरात रोपं करतेय. ट्रेमध्ये कोकोपीट भरून 18 जूनला टोमॅटो आणि मिरची पेरली, एका खड्ड्यात तीन-चार बिया, वरून प्लास्टिक टाकून ट्रे फ्रिजवर ठेवला कारण तिथे ऊब असते. टोमॅटो पाचव्या दिवशी वर आला, मिरची बरीच उशिरा. आता टोमॅटोला दहा दिवस झाले, दांडी चांगली बोटभर लांब आणि वर फक्त ती पहिली दोन पानं, रंग पोपटी, सगळी खिडकीकडे वाकलेली आणि पाणी घातलं की आडवी होतात. ट्रे आता किचनच्या उत्तरेकडच्या खिडकीत आहे, तिथे दिवसभर छान उजेड असतो. काय चुकतंय?

बाल्कनीतला_मळा
खत कमी पडतंय. कोकोपीटमध्ये स्वतःचं काहीच नसतं, त्यामुळे रोप पिवळट पडतं आणि बारीक राहतं. लिटरभर पाण्यात चिमूटभर 19:19:19 घालून द्या, दोन दिवसांत फरक दिसेल.

रोपवाटिकावाला
फरक दिसेल, पण उलटा. दोन पानांवरच्या रोपाला बियाणातलं अन्न अजून पुरतंय, तुम्ही वरून नत्र दिलंत की ते आणखी ताणतं आणि आणखी मऊ पडतं. कोकोपीटमध्ये काही नसतं हे तुमचं बरोबर, पण खताची वेळ खरी पानं फुटल्यावर, आणि तेही पातळ.
ताई, तुमचं काम फ्रिजवर असतानाच बिघडलं. माझी नारायणगावच्या बाजूला रोपवाटिका आहे, टोमॅटोचंच काम जास्त. आम्ही पण पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाखाली झाकतो, उबेत बी लवकर फुटतं म्हणून. पण तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघायचं, कोकोपीटला तडा गेलेला दिसला किंवा एखाददुसरी पांढरी मान वर आली की त्याच क्षणी सगळे ट्रे पसरायचे. सगळी उगवू देत मग काढू असं म्हणायचं नाही. एका वर्षी घरात लग्न होतं, संध्याकाळी बघायचं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कागद काढला तर आतली रोपं मोडाच्या मटकीसारखी पांढरी आणि लांब. शे-दीडशे ट्रे गेले. एका रात्रीत. ताणलेली दांडी परत आखूड होत नाही, नंतर कितीही ऊन दाखवा.
तुम्ही उगवल्यावर किती दिवसांनी खाली काढलात?

चौथा_मजला_ठाणे
अं... दोन दिवसांनी. मिरची यायची होती ना म्हणून थांबले. प्लास्टिक पण होतंच वर.

रोपवाटिकावाला
झालं मग. टोमॅटो आणि मिरची एका ट्रेत पेरायचीच नाही. टोमॅटो पाच-सहा दिवसांत वर, मिरचीला आठ-दहा दिवस सहज लागतात, म्हणजे एकाला उजेड पाहिजे तेव्हा दुसरीला झाकण पाहिजे.

कोकणातली_सून
माझ्या गोकर्णीचा वेल पण असाच लांबच लांब जातोय आणि फूल एक नाही, छाटू का?

रोपवाटिकावाला
तो वेलच आहे, तो लांबच जाणार. वेगळा धागा काढा, इथे बोटभर रोपांचं चाललंय.

थंडीतला_मराठी
मी टोरांटोजवळ राहतो, इथे मार्चमध्ये बाहेर बर्फ असतं त्यामुळे टोमॅटो-वांगी घरातच पेरावी लागतात. माझ्या मते सगळे उजेड उजेड करतात पण खरा गुन्हेगार उष्णता आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे चांगला एलईडी होता, सोळा तास चालू, तरी रोपं ताणली, कारण ट्रेखाली गरम होणारी चटई होती आणि ती उगवल्यावरही मी काढली नाही, 28 डिग्रीवर सेट होती. पुढच्या वर्षी तोच दिवा, तेच बियाणं, फक्त पहिली मान दिसताच चटई बंद केली आणि ट्रे बेसमेंटमध्ये नेला, तिथे 17-18 असतं. रोपं ठेंगणी, दांडी पेन्सिलच्या शिसापेक्षा जाड, खालून जांभळट. वाढली सावकाश, पण उभी राहिली. तेव्हा ताई, आधी गारवा बघा.

चौथा_मजला_ठाणे
अहो ठाण्यात जुलैच्या रात्री 26 असतं, मी गारवा आणू कुठून, रोपांसाठी एसी लावला तर घरचे मलाच बाहेर ठेवतील 😄

शास्त्र_शिकवतो
दोघांचं बरोबर आहे आणि भांडण फुकटचं आहे. उष्णता म्हणजे गाडीचा वेग, उजेड म्हणजे पेट्रोल. ऊब असली की पेशी भराभर लांब होतात, पण दांडी जाड करायला जे अन्न लागतं ते पानं उजेडातच करतात. उजेड कमी आणि ऊब जास्त हे सगळ्यात वाईट जोडपं, आणि फ्रिजवर नेमकं तेच होतं. टोरांटोवाल्यांना वेग कमी करता येतो म्हणून त्यांचं कमी पेट्रोलमध्ये भागतं. ठाण्यात वेग कमी होणार नाही, म्हणून तिथे उजेड वाढवल्याशिवाय सुटका नाही. जमलं तर एवढं करा की रात्री ट्रे ओट्यावर, गॅसच्या जवळ ठेवू नका, फरशीवर वाऱ्याला ठेवा.
आता "छान उजेड". आपला डोळा फसवतो. फोनमध्ये लक्स मोजायचं अ‍ॅप येतं, ते काटेकोर नसतं पण अंदाज देतं. फोनचा पुढचा कॅमेरा वर करून ट्रेच्या जागी ठेवा आणि आकडा सांगा. तुलनेसाठी, भर उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात आणि ढगाळ दिवशी बाहेर उघड्यावरही काही हजार सहज असतात.

चौथा_मजला_ठाणे
खिडकीत दुपारी बारा वाजता 900. ट्रेची आतली बाजू 350 😳 आणि मी त्या खिडकीत बसून पुस्तक वाचते!

शास्त्र_शिकवतो
पुस्तकाला 350 पुष्कळ. टोमॅटोच्या रोपासाठी तो अंधारच.

जुन्या_वळणाचा
आमची आजी गादीवाफ्यावर बी फोकून द्यायची, ना लक्स ना एलईडी, आणि रोपं अशी काटक की बघत राहावं. घरात रोपं करायची हौसच कशाला? ग्रिलमध्ये ठेवा बाहेर. ढगाळ असलं तरी खिडकीच्या आतल्यापेक्षा दहापट उजेड, वर वारा फुकट.

रोपवाटिकावाला
काका, बाहेरचा उजेड आणि वारा याला तोड नाही हे मान्य. पण आजीचा वाफा उघड्यावर होता आणि तिनं मृगाच्या सरीत टोमॅटोचं बी टाकलं असतं तर तिचंही गेलं असतं. जुलैतला ठोक पाऊस दोन पानांच्या रोपाला झोडपून काढतो, आणि सतत ओलं राहिलं की बुडाशी दांडी काळी पडून रोप कोलमडतं. ताणलेलं रोप लोळतं ते वेगळं, त्याची दांडी बुडाशी हिरवीच असते. हे नीट बघा ताई, बुडाशी चिमटल्यासारखी बारीक आणि काळी दिसली तर ती मर आहे, तिथे उजेडाचा काही संबंध नाही, ती रोपं काढूनच टाकायची.
ग्रिलवर पारदर्शक पत्रा असेल तर मात्र काकांचं ऐका.

चौथा_मजला_ठाणे
बुड हिरवं आहे. ग्रिल उघडी आहे आणि सोसायटी पत्रा लावू देत नाही.

बाल्कनीतला_मळा
मग साधी एलईडी ट्यूब लावा, जांभळ्या दिव्यांच्या नादी लागू नका. माझ्याकडे 20 वॅटची चार फुटी पांढरी आहे, कपाटाच्या फळीखाली बांधलीय. खताचं माझं चुकलं असेल पण हे मी करून बघितलंय.

शास्त्र_शिकवतो
ट्यूब चालेल, फक्त उंची सांभाळा. तशीच ट्यूब मी मोजली होती, चार बोटं खाली सात हजारांच्या घरात लक्स आले आणि तीच छतावरून खाली टेबलावर मोजली तर हजाराच्याही आत. दिवा तोच, अंतर खातं. दोन ट्यूब शेजारी लावा, पानांपासून चार-पाच बोटं वर, रोज चौदा ते सोळा तास, आणि रोपं वाढतील तसा ट्रे खाली सरकवा. रात्री बंद.

कोकणातली_सून
गोकर्णी राहू दे, पण तीन-चार बिया एका खड्ड्यात हे कोणी बोललंच नाही. आमच्याकडे भाताचा तरवा दाट पडला की काडी बारीक आणि लांब होते, सासूबाई तेव्हाच म्हणतात हा लावणीला टिकणार नाही. इथे पण तेच असणार ना?

शास्त्र_शिकवतो
अगदी तेच! आणि गंमत म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडायच्या आधीच हे सुरू होतं. हिरव्या पानावरून परतणाऱ्या उजेडात लाल भाग कमी आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा भाग जास्त असतो, त्यावरून रोपाला शेजारी कळतो आणि ते शर्यतीला लागतं. म्हणून उजेड भरपूर असला तरी गर्दीत रोपं लांबच होतात.
एका खड्ड्यात एकच ठेवा. बाकीची उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, बारीक कात्रीनं बुडाशी कापा.

जुन्या_वळणाचा
हायब्रीड बियाणं काय भावानं मिळतं माहितीये का? कापा म्हणे. वेगळी करून लावायची.

रोपवाटिकावाला
टोमॅटोचं होतं तसं, पहिल्या दोन पानांवरच, चमच्याच्या दांड्यानं मुळासकट उचलायचं आणि पानाला धरायचं, दांडीला नाही, दांडी दाबली गेली की संपलं. पण ताणलेलं रोप वेगळं करताना निम्मी मोडतात. मी तर सुरुवातीलाच एका खड्ड्यात एकच बी टाकतो, नांग्या भरायला एक ट्रे जास्तीचा धरतो, त्यात बियाणंही वाचतं.
आत्ताच्या टोमॅटोचं ऐका. पहिलं खरं पान नीट दिसलं की खोल कपात लावा, दांडी पहिल्या पानांच्या जरा खालपर्यंत मातीत. टोमॅटोच्या दांडीला मुळं फुटतात. मिरचीला तेवढी भरवशानं फुटत नाहीत, तिला खोल गाडू नका.

थंडीतला_मराठी
आणि रोज दोन वेळा तळहात रोपांच्या शेंड्यांवरून हलका फिरवा, दहा-पंधरा वेळा. दांडी जाड होते, वाऱ्याची सवय लागते. पानं कोरडी असताना.

बाल्कनीतला_मळा
मी केलं होतं, टोमॅटोला चाललं, मिरचीची कोवळी पानं चिरली. छोटा पंखा बरा.

रोपवाटिकावाला
एवढे ट्रे रोज कुरवाळायला माणूस कुठून आणू, मी पाणी बेतानं देतो आणि लागवडीआधी आठवडाभर शेडनेटबाहेर काढतो. घरच्या एका ट्रेला करा खुशाल.

चौथा_मजला_ठाणे
अपडेट. 14 जुलैला नवा ट्रे पेरला, फक्त टोमॅटो, एका खड्ड्यात एक. फ्रिजवरच, पण रोज दोनदा बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी तीन माना दिसल्या तशी प्लास्टिक काढून दोन ट्यूबखाली. आज उगवून दहा दिवस, मातीपासून पहिल्या पानांपर्यंत मोजलं, सगळी तीन सेंटिमीटरच्या आसपास आणि सरळ उभी, मधे खरं पान. ट्रेच्या टोकाची चार मात्र पाचच्या वर गेलीत, तिथे ट्यूबचा उजेड पोचत नाही वाटतं, आता रोज ट्रे फिरवतेय.
जुन्या ट्रेतली अकरा कपात खोल लावली, आठ जगली. मिरची अजून लुकडीच आहे, काडीचा आधार दिलाय.

जुन्या_वळणाचा
सोळा तास दोन ट्यूब, बिल आलं की सांगा.

चौथा_मजला_ठाणे
40 वॅट, रोज सोळा तास म्हणजे महिन्याला 19 युनिट काका. मिरची तोडून टाकून परत पेरू की वाट बघू, ते सांगा कोणीतरी.

रोपवाटिकावाला
मी तोडली असती.

थंडीतला_मराठी
मी थांबलो असतो, माझी एकदा अशीच लुकडी मिरची कपात जरा सावरली होती. फळं उशिरा आली, पण आली.