विटांच्या भिंतीवर सायकलचा हुक

> 'सांगलीतलं जुनं घर, विटांची भिंत. सायकलचा हुक दोनदा प्लगसकट निघून आला. आता लोखंडी फास्टनर ठोकू का?'

लोखंडी फास्टनर काँक्रीटच्या कॉलम-बीमसाठी उत्तम असतो, पण विटेत तो आवळताना फुगतो आणि वीट आतून तडकते. नट घट्ट न होता नुसता फिरत राहिला, तर तसे झाले असे समजावे.

आपला हुक निघाला तो बहुधा गिलाव्यामुळे. सायकल १४ किलोची असली, तरी ती भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर लटकत असेल आणि हुकाच्या पट्टीचे दोन स्क्रू १० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर वरच्या स्क्रूला सुमारे ३५ किलोची बाहेरची ओढ बसते. आमच्या साताऱ्याच्या घरी गिलावा तब्बल २५ मिलिमीटर निघाला, म्हणजे नेहमीच्या ४० मिलिमीटरच्या प्लगचा जेमतेम १५ मिलिमीटर भाग विटेत होता.

म्हणून १० मिलिमीटर जाडीचा, ८० मिलिमीटर लांबीचा नायलॉनचा फ्रेम प्लग त्याच्याच स्क्रूसह घ्यावा आणि भोक ९० मिलिमीटर खोल पाडावे. ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. वेळ लागतो, पण भोक मोठे होत नाही. गिलाव्यानंतर लाल भुकटी येऊ लागली की आपण विटेत आहोत. ती पुन्हा करडी झाली, किंवा बिट एकदम आत गेले, तर सांधा लागला आहे, तेव्हा ३-४ सेंटिमीटर वर किंवा खाली सरकावे. भोकातली भुकटी फुंकून काढावी (डोळे मिटून!) आणि मगच प्लग बसवावा. जुनी भोके मात्र पुन्हा वापरू नयेत.