शब्दचर्चा : 'प्रतिक्रिया' नंतरच होते का?

खामलेकर: भाची नववीत आहे, राज्य मंडळ. पुढच्या वर्षी बोर्ड, म्हणून आतापासूनच 'गतीचे नियम' पक्कं करून घेतोय. तिसऱ्या नियमात तिनं लिहिलं, 'आधी क्रिया बल लागते, मग प्रतिक्रिया बल लागते.' चूक म्हटलं तर म्हणते, "काहून मामा? बातमीवर लोक प्रतिक्रिया देतात, ते बातमी आल्यावरच नं?" याला दुसरा शब्द आहे का?

शब्दवेडा: 'अन्योन्य बल' म्हणा. 'प्रति' आलं की मागाहून आलंच.

निवृत्त मास्तर: असं कसं? प्रतिस्पर्धी काय मागाहून येतो? आणि हे दुखणं मराठीचं एकटीचं नाही. न्यूटननं 1687 साली लॅटिनमध्ये 'रिॲक्टिओ'च लिहिलं. पण लगेच उदाहरणही दिलं की बोटानं दगड दाबला, तर दगडही बोटाला दाबतो. त्यात आधी-नंतर नाही. भाचीला नियमातले 'एकाच वेळी' हे शब्द गाळू देऊ नका.

वर्धारोड: सोपं आहे. टेबलावर दप्तर ठेवा. वजन खाली ही क्रिया, टेबलाचा आधार वर ही प्रतिक्रिया. समान, विरुद्ध, एकाच वेळी. झालं.

निवृत्त मास्तर: नाही हो, पोरं इथंच फसतात. दप्तर 5 किलोचं धरा. पृथ्वी त्याला 49 न्यूटननं खाली ओढते, टेबल 49 न्यूटननं वर ढकलतं. पण दोन्ही बलं दप्तरावरच लागली. ती संतुलित आहेत, जोडी नव्हेत. तेच दप्तर लिफ्टच्या फरशीवर ठेवा. वर निघताना त्वरण 1 मी/से² असेल, तर फरशीचं बल 5 × (9.8 + 1) = 54 न्यूटन होतं. पृथ्वीची ओढ 49 च राहते. खरी जोडी अशी कधी विषम होत नाही. भाचीला एक खूण सांगा : वाक्यातली नावं उलटवायची. फरशी दप्तराला वर ढकलते, दप्तर फरशीला तितकंच खाली ढकलतं. पृथ्वी दप्तराला ओढते, दप्तर पृथ्वीला ओढतं.

वर्धारोड: लिफ्टचं पटलं. पण टेबलावर तर दोन्ही 49 च आहेत ना? आम्हाला शाळेत हेच उदाहरण दिलं होतं.

निवृत्त मास्तर: तिथं आकडे जुळतात ते दप्तर स्थिर आहे म्हणून. तिसऱ्या नियमामुळे नाही.

सीताबर्डी: माझ्या मुलाला गोळीची रिॲक्शन आली, पुरळ उठले दुसऱ्या दिवशी. म्हणजे नंतरच येते की!

शब्दवेडा: ती वेगळी. रसायनशास्त्रात तर 'अभिक्रिया' म्हणतात. एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द, मग भौतिकशास्त्रात तिसरा का नको?

खामलेकर: उत्तरपत्रिकेत 'अन्योन्य बल' लिहिलं तर गुण देतील का?

निवृत्त मास्तर: तिथं पुस्तकातलाच शब्द लिहायचा.

शब्दवेडा: म्हणूनच चुकीचे शब्द टिकतात.

निवृत्त मास्तर: चुकीचा नाहीच तो. 'अभिक्रिये'तल्या 'अभि'चा अर्थ आधी सांगा, मग बोलू.